बोअरिंगच्या रकान्यात एकच नाव

आमच्या सीएनसी शॉपमध्ये बोअरिंगचं, म्हणजे भोक अचूक मापात मोठं करण्याचं सेटिंग एकट्या रमेशदादांना जमायचं. ते जत्रेला गावी गेले आणि मशीन दोन दिवस बंद राहिलं.

मग मी एका कागदावर सात ऑपरेटर आणि सहा कामं मांडली. १ म्हणजे नुसतं पाहिलंय, २ म्हणजे कोणी सोबत असेल तर जमतं, ३ एकट्याने, ४ शिकवू शकतो. आधी मुलांनाच आकडे भरायला सांगितले, तर सगळेच ३! म्हणून सलग तीन सेटिंगमध्ये पहिला पीस मदतीशिवाय पास झाला तरच ३, असं ठरवलं.

घाईची ऑर्डर ३-४ वाल्यांनाच. पण हातात वेळ असलेली, नेहमीची ऑर्डर २ वाल्याला, आणि मटेरियल स्वस्त असेल तरच. सचिनला ५२ मिमी बोअरचं हाउसिंग दिलं, टॉलरन्स शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. दादा शेजारी उभे, पण हात मागे. "आधी ०.३ मिमी शिल्लक ठेव, बोअर गेजने माप, मग ऑफसेट दे," एवढंच म्हणाले. पहिला पीस १८ मायक्रॉनवर आला.

दादांचा शेजारी उभं राहण्यात गेलेला तास मी त्यांच्या उत्पादनाच्या हिशोबात धरत नाही. नाहीतर ते स्वतःच सेटिंग उरकून टाकतात.