सोसायटीसाठी योगशिक्षक शोधताना: आधी बॅच ठरवा, मग मानधन

‘योगशिक्षक पाहिजेत, मानधन चर्चेनुसार’ एवढ्यावर जाहिरात सोडली की चौकशीचे फोन खूप येतात, पण बोलणं वेळेवर आणि पैशावर येऊन अडतं. म्हणून या दोन गोष्टी सोसायटीनं आधी आपापसात ठरवाव्यात.

सुरुवात वर्गाला येणाऱ्यांची नावं घेण्यापासून करा. नावासमोर सोयीची वेळही लिहून घ्या. सकाळी ६ ते ७ आणि ७:१५ ते ८:१५ अशा लागोपाठ दोन बॅच ठेवल्या तर शिक्षकांची एकच फेरी होते. एक बॅच सकाळी आणि एक संध्याकाळी ठेवली, तर कोल्हापुरात समजा कळंब्याहून ताराबाई पार्कात त्यांना दोनदा यावं लागतं आणि ते साहजिकच जास्त मागतात. संध्याकाळची बॅच हवीच असेल तर ५ वाजता ठेवा. दुपारच्या जेवणानंतर तीन-चार तास जायला हवेत.

आता हिशोब. समजा २४ जण तयार आहेत. आठवड्याचे पाच दिवस धरले तर महिन्याला साधारण २२ दिवस, दोन बॅचचे ४४ तास. तासाला ३०० रुपये ठरले तर मानधन १३,२०० होतं. माणशी ६०० घेतले की १४,४०० जमतात, म्हणजे दोघे गळाले तरी भागतं, तिसरा गळाला की ६०० कमी पडतात. गळती बहुतेक दुसऱ्या महिन्यात सुरू होते, त्यामुळे तीन महिन्यांचे १,८०० आगाऊच घ्या. मानधन डोक्यांवर लावू नका. हजेरी घटल्याचा भुर्दंड शिक्षकांना का?

मग जाहिरात अशी लिहा:

‘ताराबाई पार्क, कोल्हापूर येथील सोसायटीसाठी योगशिक्षक/शिक्षिका हवेत. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ६ ते ७ व ७:१५ ते ८:१५. जागा: सोसायटीचा हॉल. मानधन दरमहा १३,२०० रुपये, ५ तारखेपर्यंत. योग प्रमाणपत्र व ज्येष्ठांना शिकवण्याचा अनुभव आवश्यक.’

जागेचा उल्लेख गाळू नका. गच्चीवर वर्ग ठेवला तर जूनपासून पावसात बंद पडतो. गणपतीत हॉल अडकणार असेल तर त्या दिवसांचे पैसे देणार का, हेही आधीच बोलून घ्या. आमच्या मते द्यावेत, कारण सुट्टी सोसायटीची आहे. शिक्षक आले नाहीत तर तो तास शनिवारी भरून घ्यावा.

प्रमाणपत्रांत आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं असेल तर उत्तम, पण निवड एका चाचणी वर्गावरच करा आणि त्या तासाचे पैसे द्या. सुरुवातीला बीपी, गुडघे, पाठ, झालेली ऑपरेशन्स यांची विचारपूस होते का, ते बघा. गुडघा दुखणाऱ्या आजींना वज्रासनाऐवजी खुर्ची दिली जाते का? बीपी असलेल्यांना शीर्षासनाला आणि श्वास रोखायला मनाई होते का? पूर्ण तास पुढं बसून नुसती आसनं करून दाखवणारे शिक्षक मिश्र वयाच्या बॅचला चालत नाहीत. रांगांतून फिरून चुका सुधारणारेच घ्या.