पहिलं पद जुळलं, तरी उत्तर चुकलं

एफवायला टेलिस्कोपिंगच्या एका गणितात माझे निम्मे मार्क गेले आणि तेही पडताळा करून. गणित साधंच होतं: 1/(n(n+2)) या सिरीजची पहिल्या N पदांची बेरीज काढा, मग लिमिट काढा.

पार्शल फ्रॅक्शन बरोबर आले होते:

```
1/(n(n+2)) = (1/2) [ 1/n − 1/(n+2) ]
```

पुढे मी 1/(n(n+1)) च्या सवयीने गेलो. तिथे मधलं सगळं कटतं, पहिलं आणि शेवटचं उरतं. म्हणून लिहिलं (1/2)[1 − 1/(N+2)], लिमिट 1/2. N = 1 घालून पाहिलं तर 1/3 आलं, पहिलं पदही 1/3. खूश होऊन पुढच्या प्रश्नाला लागलो.

आता त्याच ओळी एकाखाली एक मांडून बघा:

```
1 − 1/3
1/2 − 1/4
1/3 − 1/5
1/4 − 1/6
```

पहिल्या ओळीतला −1/3 तिसऱ्या ओळीत कटतो, दुसरीत नाही. अंतर दोनाचं आहे, म्हणून सुरुवातीला 1 आणि 1/2 असे दोघं उरतात आणि शेवटीही दोघं. खरं उत्तर असं:

```
S_N = (1/2) [ 1 + 1/2 − 1/(N+1) − 1/(N+2) ]
```

लिमिट 3/4. मी 1/2 आणि −1/(N+1) ही जोडी विसरलो होतो, आणि N = 1 ला ती जोडी नेमकी शून्य होते! पडताळा फसला तो तिथे. N = 2 घातलं असतं तर लगेच कळलं असतं: खरी बेरीज 1/3 + 1/8 = 11/24, माझ्या सूत्रातून 9/24. तिसरं पद 1/15 मिळवलं की बेरीज 0.525 होते, म्हणजे माझ्या 'लिमिट'च्याही पुढे. सगळी पदं धन असताना हे शक्यच नाही. तेव्हापासून मी किमान N = 2 आणि 3 तपासतो, आणि चार-पाच ओळी लिहिल्याशिवाय काटाकाटी करत नाही.

बाजूच्या बाकावरच्या मित्राने वेगळाच घोळ घातला. त्याने थेट अनंतापर्यंत ∑1/n वजा ∑1/(n+2) असं लिहिलं. शेवटी त्याचं उत्तर 3/4 च आलं, पण मार्क कापले. या दोन्ही सिरीज डायव्हर्ज होतात, त्यामुळे त्या वजाबाकीला अर्थच नाही. आधी N पर्यंतची बेरीज, लिमिट नंतर.

आणि पार्शल फ्रॅक्शन झाले म्हणजे टेलिस्कोपिंग होईलच असंही नाही. 1/(n(2n+1)) चे तुकडे 2[1/(2n) − 1/(2n+1)] असे पडतात. एकात सम छेद, दुसऱ्यात विषम, त्यामुळे काहीच कटत नाही. त्याची बेरीज 2 − 2 ln 2 येते, पण त्याला ln 2 ची सिरीज लागते. छेदाची मुळं 0 आणि −1/2 आहेत. त्यांच्यातलं अंतर पूर्णांक नाही हे आधीच बघितलं, तर ओळी मांडण्याचे कष्ट वाचतात.