पॅनमध्ये चिकनवर बटर ओतताना ते जळतं का? या चुका टाळा

घरी लोणी कढवून तूप केलंय ना कधी? मग हे तुम्हाला अर्धं येतंच. बटरमध्ये साधारण ८०% फॅट, बाकी बरंचसं पाणी आणि थोडा दुधाचा अंश, तीच आपली बेरी. जळते ती बेरी, फॅट नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बटर सुरुवातीलाच टाकणं. चिकन ब्रेस्टला रंग यायला पॅन २०० डिग्रीच्या आसपास तापलेला लागतो आणि बेरी १५० च्या पुढे करपायला लागते, मग चिकनला रंग येईपर्यंत बटर काळं झालेलं असतं. मीही आधी हेच करायचे, वर कोणीतरी सांगितलं म्हणून बटरमध्ये तेल मिसळायचे की जळणार नाही. काही उपयोग नाही हो, तेल घातलं तरी बेरी तीच राहते.

आता करते ते असं. ब्रेस्ट ठोकून सगळीकडून दोन सेंटिमीटर जाड करायचा, टिश्यूने अगदी कोरडा करायचा, मीठ-मिरी लावून चमचाभर रिफाइंड तेलात एक बाजू चार-पाच मिनिटं, उलटून दुसरी दोन मिनिटं. आता गॅस बारीक. बिडाचा जड पॅन असेल तर नुसता गॅस कमी करून भागत नाही, तो उष्णता धरून बसतो, म्हणून पंधरा-वीस सेकंद उचलून बाजूला धरा. मग फ्रीजमधलं थंड बटर ३० ग्रॅम, सालासकट ठेचलेल्या तीन लसूण पाकळ्या आणि थाइमच्या दोन-तीन काड्या. थाइम धुतलं असेल तर पुसून घ्या, नाहीतर तडतडून हातावर उडतं. आणि लसूण बारीक चिरू नका, तो बटरच्या आधी करपतो.

पॅन आपल्याकडे तिरका करा, बटर एका कडेला जमतं, ते चमच्याने चिकनवर ओतत राहा, दीड-दोन मिनिटं. इथे कान आणि नाक महत्त्वाचं. फेस आणि चरचर आहे तोवर पाणी उडतंय, काळजी नाही. आवाज मंदावला, फेस बसला, खाली बदामी कण दिसले आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास आला की तेच हवंय, पण तिथून काळं व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. फार भराभर चाललंय वाटलं तर थंड बटरचा अजून एक तुकडा टाका, तापमान लगेच उतरतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७० ला काढून पाच मिनिटं ठेवा, बाहेर ठेवल्यावर ७४ पर्यंत चढतं, न चढलं तर परत पॅनमध्ये.

काळे कण आणि डोळ्यांत जाणारा धूर आला तर वाचवायच्या भानगडीत पडू नका, कडू बटर लिंबू पिळूनही सुधारत नाही. चिकन बाजूला काढा, पॅन टिश्यूने पुसा, नवीन बटर घ्या.

तूपच का नको? जळणार नाही हे खरं, पण त्यातली बेरी आधीच गाळून टाकलेली असते, मग तो खमंग वास येणार कुठून? आणि बटर खारं असेल तर सुरुवातीचं मीठ निम्मं करा, मी एकदा विसरले होते, नवऱ्याने गुपचूप दोन तांबे पाणी प्यायलं.