ए मायनरच्या जागी ए सेव्हन

सांगलीत गणपतीच्या कार्यक्रमासाठी बसवलेल्या गाण्यात सी, ए मायनर, डी मायनर, जी अशा कॉर्ड्स होत्या. डी मायनर यायचा, पण त्याची ओढ लागायची नाही. मी ए मायनरचा ए सेव्हन केला. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पांढरी एक म्हणजे सी जाऊन काळी एक म्हणजे सी शार्प आली, वर पांढरी पाच म्हणजे जी वाढली. काळी एक अर्ध्या सुराने वर सरकून पांढरी दोनवर बसते, पांढरी पाच उतरून चारवर. दोन्ही सूर डी मायनरचेच! पेटीवाल्या काकांना हे लगेच पटलं.

एका ओळीत मात्र गायिका पांढरी एकवर थांबते, तिथे काळी एक कानाला टोचते. तिथे आधी ए मायनरच ठेवला. तिने तो सूर सोडल्यावर शेवटच्या दोन मात्रांत ए सेव्हन.