पहिल्याच वीर्यतपासणीवर निकाल लावू नका: काउंट किंवा मोटिलिटी कमी आल्यावर होणाऱ्या चुका

लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट हातात पडला की नजर आधी जाते ती ठळक छापलेल्या आकड्यांवर आणि खाली लिहिलेल्या ‘ऑलिगोअस्थेनोझूस्पर्मिया’ या जिभेला न पेलणाऱ्या शब्दावर. माणूस तिथेच खचतो. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की या सॅम्पलमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही नेहमीपेक्षा कमी दिसली. ‘या सॅम्पलमध्ये’ हे शब्द महत्त्वाचे. रोगाचं निदान त्यात नाही.

परळ-दादरकडच्या लॅबमध्ये सर्रास दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीचा तेहतीस वर्षांचा तरुण, लग्नाला तीन वर्षं झालेली. बायकोच्या सगळ्या तपासण्या, सोनोग्राफ्या उरकल्यावर याची पहिली टेस्ट. (हा क्रम आपल्याकडे अजूनही उलटाच. खरं तर सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी हीच.) रिपोर्ट असा: वीर्य १.१ मिली, काउंट मिलीला १२ मिलियन, म्हणजे १ कोटी २० लाख, एकूण मोटिलिटी २४ टक्के आणि त्यातली पुढे सरकणारी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह, १५ टक्के.

सॅम्पल देतानाच झालेला घोळ

थोडं खोदून विचारलं की गोष्टी बाहेर येतात. लॅबमधल्या खोलीत जमणार नाही म्हणून सॅम्पल घरी घेतलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मग रिक्षा, फास्ट लोकल आणि दादरहून टॅक्सी. खिडकीवर पोचेपर्यंत पावणेनऊ. सॅम्पलची डबी बॅगेत होती, शेजारी गार पाण्याची बाटली आणि लोकलच्या डब्यात एसी.

सॅम्पल तासाभराच्या आत तपासायला हवं, शक्यतो अर्ध्या तासातच, आणि तोवर ते फार गार किंवा फार गरम होता कामा नये. २० ते ३७ अंश हा त्याचा पट्टा. वेळ गेला किंवा गारठा लागला की शुक्राणू मंदावतात. संख्या तीच राहते, पण मोटिलिटी पडते. घरूनच आणायचं असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवावी. पण डोंबिवली-कल्याणइतक्या लांबून येणाऱ्यांनी तो खटाटोप करूच नये. लॅबमध्येच द्यावं, नाहीतर घराजवळची चांगली लॅब गाठावी.

दुसरी गोष्ट त्याने सांगितलीच नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं. सुरुवातीचे थेंब डबीबाहेर सांडले होते. थोडंसंच तर गेलं, असं वाटतं. पण सर्वाधिक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. नंतर येतो तो मुख्यतः वीर्यकोशांचा स्राव. म्हणून पहिले थेंब गेले तर वीर्य थोडंच कमी भरतं, काउंट मात्र बराच खाली येतो. असं झालं तर लाजू नका, फॉर्मवर लिहून द्या. शेवटचे थेंब सांडले तर तेवढा फरक पडत नाही. साबण, तेल किंवा साधा कंडोम वापरला तरी रिपोर्ट बिघडतो.

आणि परहेज, म्हणजे सॅम्पलआधी वीर्यस्खलन टाळण्याचे दिवस. ‘जास्त साठलं की जास्त चांगलं’ म्हणून त्याने दहा दिवस थांबून सॅम्पल दिलं होतं. ते दोन ते सात दिवसच हवेत. जास्त थांबलं की काउंट फुगतो, पण जुने, निपचित शुक्राणू वाढून मोटिलिटीची टक्केवारी घसरते.

दीड महिन्यापूर्वीचा ताप

पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता. सॅम्पलच्या दीड महिना आधी. हे डॉक्टरांना सांगायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी काही दिवस जातात. त्यामुळे आज डबीत जे आलं ते गेल्या तीनेक महिन्यांत घडलेलं असतं. जोराचा ताप त्या काळात येऊन गेला असेल तर रिपोर्टमध्ये त्याची सावली दिसते, माणूस बरा होऊन कामावर जायला लागला असला तरी.

आकडे कसे वाचायचे

मिलीमागचा काउंट एकटा वाचू नये. तो वीर्याच्या मापाने गुणायचा. १.१ गुणिले १२, म्हणजे सगळे मिळून साधारण १३ मिलियन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अशी आहे: वीर्य १.४ मिली, मिलीला १६ मिलियन, एकूण ३९ मिलियन, एकूण मोटिलिटी ४२ टक्के, प्रोग्रेसिव्ह ३० टक्के. काही लॅब अजून २०१० चे आकडे छापतात, म्हणून दोन लॅबच्या कागदांवरच्या मर्यादा जुळत नाहीत.

या मर्यादा आल्या कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे लावले आणि सर्वांत खालच्या पाच टक्क्यांच्या जागी रेघ ओढली. म्हणजे रेघेखालचेही काहीजण बाप झालेले आहेत आणि रेघेवर असणं ही हमी नाही. ‘नॉर्मल आकार ४ टक्के’ वाचून हादरणारे फार, पण तिथे मर्यादाच ४ आहे.

मोटिलिटी फारच कमी असेल तर ‘व्हायटॅलिटी’ पाहावी. न हलणारे शुक्राणू मेलेले आहेत की जिवंत पण थंडावलेले, हे त्यातून कळतं. उशिरा पोचलेल्या सॅम्पलमध्ये हा फरक कामाचा.

पुन्हा टेस्ट, पण नीट

महिन्याने त्याने तीन दिवसांच्या परहेजानंतर त्याच लॅबमध्ये, तिथल्याच खोलीत सॅम्पल दिलं. वीर्य २.६ मिली, काउंट १९, म्हणजे एकूण ४९ मिलियन. प्रोग्रेसिव्ह २८ टक्के. संख्या रेघेच्या वर आली, हालचाल अजून किंचित खाली. तापाला तेव्हा अडीच महिनेच झाले होते. आणखी दोन महिन्यांनी तिसरी टेस्ट: २.८ मिली, काउंट २६, प्रोग्रेसिव्ह ३४ टक्के.

२८ आणि ३४ मधल्या फरकाचाही फार गाजावाजा नको. दोनशे शुक्राणू मोजून काढलेल्या टक्केवारीत चार-पाच टक्के इकडेतिकडे निव्वळ मोजणीतच होतात. शिवाय एकाच माणसाचा काउंट महिन्यागणिक बराच हलतो. म्हणूनच दोन टेस्टच्या मधे कुणी सांगितलेल्या पावडरी, गोळ्या सुरू केल्या तर दुसऱ्या रिपोर्टमधल्या सुधारणेचं श्रेय त्यांना जातं, जे बहुधा त्यांचं नसतं.

जिममध्ये किंवा ‘अशक्तपणा’साठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मात्र डॉक्टरांपासून लपवू नका. बाहेरून हे हार्मोन मिळालं की मेंदूकडून अंडकोशांना जाणारा हुकूम थांबतो आणि काउंट शून्यापर्यंत जाऊ शकतो. बंद केल्यावर तो परत यायला कित्येक महिने लागतात.

पण सगळेच रिपोर्ट असे महिनोन्महिने थांबण्यासारखे नसतात. एकही शुक्राणू दिसला नाही किंवा काउंट मिलीला पाच मिलियनच्या खाली असेल, तर दुसरं सॅम्पल लवकर द्या आणि त्याच आठवड्यात अँड्रोलॉजिस्ट किंवा युरोलॉजिस्ट गाठा. तिथे हार्मोन्सच्या आणि लागल्यास गुणसूत्रांच्या तपासण्या सांगितल्या जातात. अंडकोशात गाठ लागली, तर वीर्याच्या रिपोर्टची वाट न पाहता दाखवा. आणि बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर तुमची दुसरी टेस्ट होईपर्यंत तिच्या तपासण्या थांबवून ठेवू नका, दोन्ही सोबतच चालू द्या.