तळमजल्याच्या घरासाठी डॉक्टरांचं पत्र: कसं लिहावं, कसं लिहून घ्यावं

सोलापुरात सरकारी योजनेतलं घर लागतं, सोडतीत मजला येतो दुसरा, इमारतीला लिफ्ट नाही आणि घरात पाय गमावलेलं किंवा पक्षाघात झालेलं माणूस असतं. मग कुणीतरी सांगतं, "डॉक्टरांचं एक पत्र जोडा, समाजकल्याणला द्या." सल्ला बरोबर असतो, पत्र मात्र बहुतेक वेळा कुचकामी निघतं. अशी पत्रं मी बरीच लिहिली आहेत आणि दुसऱ्यांनी लिहिलेली, परत आलेलीही पुष्कळ वाचली आहेत. म्हणून हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे आणि घाईत सही करणाऱ्या डॉक्टरांसाठीही.

दिव्यांग प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड, घराचं वाटपपत्र, आधार, डिस्चार्ज कार्ड हे सगळं तयार आहे असं धरतो.

पत्र कुणाला

समाजकल्याण विभाग घर वाटत नाही. तो शिफारस करतो आणि मजला बदलण्याचा निर्णय घर देणारी यंत्रणा घेते. म्हणून पत्र समाजकल्याण अधिकाऱ्यांच्या नावे लिहा आणि खाली "प्रत:" म्हणून वाटप करणाऱ्या कार्यालयाचं नाव घाला. सोडत अजून व्हायची असेल तर त्याआधीच द्या. दुसऱ्याच्या नावे लागलेलं घर बदलून घेणं फार अवघड जातं.

कायद्याची कलमं डॉक्टरांच्या पत्रात घालू नका, ती अर्जात घाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 37 मध्ये घरवाटपाच्या योजनांत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी 5 टक्के आरक्षण आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागासाठीच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत असं म्हटलं आहे. दोन्ही अर्जदाराच्या कामाचं आहे. डॉक्टर कलमं सांगू लागला की वाचणाऱ्याला वाटतं, याच्याकडे वैद्यकीय सांगण्यासारखं काही नाही.

जिन्याचा परिच्छेद: सगळं इथेच अडतं

नेहमीचं पत्र असं असतं: "सदर रुग्णास मधुमेह व डाव्या पायाचे अॅम्प्युटेशन आहे. 60 टक्के दिव्यांगत्व आहे. त्यांना जिना चढता येत नाही. तरी तळमजल्याचे घर द्यावे." चार वाक्यं, आणि चौथ्याला आधार देणारं वरच्या तिघांत काहीच नाही.

60 टक्के हा आकडा लाभासाठी पात्र आहात का, एवढंच सांगतो. जिन्याबद्दल तो काही सांगत नाही. 60 टक्के कर्णबधिर असलेला माणूस चार मजले धावत चढेल. आजाराचं नावही तसंच. अधिकारी डॉक्टर नसतात, "गुडघ्याखालील अॅम्प्युटेशन" वाचून त्यांच्या डोळ्यांसमोर जयपूर फूट घालून नीट चालणारा कुणीतरी येतो, आणि तसे लोक असतातही.

पण सगळ्यात घातक वाक्य तिसरं, "जिना चढता येत नाही". ते बहुधा खोटं असतं आणि पकडलं जातं. रुग्ण स्वतः अर्ज द्यायला जातात, कार्यालय असतं पहिल्या मजल्यावर. कठड्याला धरून, दम खात, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते वर पोहोचतात. समोरचा कारकून बघतो, पत्र बघतो आणि मनातल्या मनात फाईल बंद करतो. त्याला दोष देता येत नाही, कारण पत्रात लिहिलेलं त्याच्या डोळ्यांदेखत चुकीचं ठरलेलं असतं. आणि खोटं किंवा दिशाभूल करणारं प्रमाणपत्र देणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, त्यात नोंदणी जाऊ शकते.

खरा प्रश्न जिना चढता येतो का, हा नाहीच. कसा चढता येतो, दिवसातून किती वेळा, कुणाच्या आधारानं, आणि कोणत्या दिवशी अजिबात नाही, हे लिहायचं. हे कळायला डॉक्टरनं रुग्णाला जिन्यावर चालवून बघावं लागतं. टेबलामागून ते दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. बाई 52 वर्षांच्या, विधवा, पूर्व भागात राहून विड्या वळणाऱ्या. मधुमेहानं डाव्या पायाला गँगरीन होऊन तो गुडघ्याखाली काढलेला, कृत्रिम पाय वापरतात. मुलगा अक्कलकोट रोडला यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. घर लागलंय दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या पत्रातला मुख्य भाग मी असा लिहीन:

"सदर रुग्ण 2019 पासून माझ्याकडे उपचार घेत आहेत. मधुमेहामुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला असून त्या कृत्रिम पाय वापरतात. आज मी त्यांना दवाखान्याच्या जिन्यावर चालताना पाहिले. उजव्या हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या बारा पायऱ्या चढल्या. मध्ये एकदा थांबावे लागले. उतरताना दुसऱ्या व्यक्तीचा आधार घ्यावा लागला. उजव्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यामुळे पायरीची कड त्यांना पायाने कळत नाही. कापलेल्या पायाच्या टोकाला जखम झाल्यास ती भरेपर्यंत कृत्रिम पाय घालता येत नाही. गेल्या वर्षभरात असे दोनदा झाले व प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे त्या दोन कुबड्यांवर होत्या. अशा काळात त्यांनी जिना वापरणे सुरक्षित नाही, असे माझे मत आहे."

यात "जिना चढता येत नाही" कुठेच नाही. बाई उद्या कार्यालयाचा जिना चढून गेल्या तरी पत्र खरंच राहतं, उलट त्यांना चढताना पाहून ते पटतं.

उतरण्याचं वाक्य मुद्दाम घातलंय. लोक चढण्याबद्दल बोलतात, पण चढताना दम लागतो आणि उतरताना माणूस पडतो. कृत्रिम पायाला पायरी जाणवत नाही, आणि मधुमेहानं दुसराही पाय बधिर असेल तर बाई दोन्ही पायांनी अंदाजानं उतरत असतात. त्या उरलेल्या पायाला जखम झाली तर तोही जाण्याची भीती असते. डॉक्टरला हे ठाऊक असतं, म्हणून तो लिहीत नाही. अधिकाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून लिहायचं.

"पण कृत्रिम पाय आहे ना" या प्रश्नाचं उत्तरही पत्रातच हवं. तो पाय रात्री काढून ठेवतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामानं सॉकेटच्या, म्हणजे कापलेला पाय जिच्यात बसतो त्या वाटीच्या, आत कातडी सोलवटते आणि जखमा तिथूनच सुरू होतात. हे एका वाक्यात लिहा.

बघितलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. जिन्यावर पाहिलं ते "मी पाहिले". घरी पडल्याचं "रुग्ण सांगतात". दोन्हीची सरमिसळ झाली की सगळंच ऐकीव वाटतं.

घराचा आणि दिवसाचा हिशेब

ही माहिती घरच्यांनी आणायची, डॉक्टर लागलेल्या घरी जाऊन जिना मोजणार नाहीत. पायऱ्या मोजा, कठडा कुठल्या बाजूला आहे ते बघा, मोबाईलवर फोटो काढा. समजा दुसऱ्या मजल्यापर्यंत 36 पायऱ्या आहेत. बाईंना तेंदूपत्ता-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला एकदा, ड्रेसिंगला किंवा औषधाला एकदा खाली जावं लागतं. दोनदा जाऊन-येऊन 144 पायऱ्या झाल्या, तेही हातात ओझं घेऊन आणि मुलगा कामावर असताना. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. वरच्या मजल्यावर दाब पुरला नाही तर घागर खालून न्यावी लागते, आणि दोन्ही हातांत कुबड्या असताना घागर कशानं धरणार? "दैनंदिन जीवनात अडचण येते" या गुळगुळीत वाक्याऐवजी हे लिहा. मुलाच्या पाळीची वेळ विसरू नका, कारण "घरात तरुण मुलगा आहे" हा शेरा हमखास येतो.

मागणी

एका ओळीत: "त्यांना तळमजल्यावरील घर मिळणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे, असे माझे मत आहे." "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" हे काढून टाका. पहिला मजला चालणार नसेल तर "किंवा पहिला मजला" असं भिडेखातर लिहू नका, तोच मिळेल.

रुग्ण व्हीलचेअरवर असेल तर नुसता तळमजला पुरत नाही. जोत्याला तीन पायऱ्या असतील तर तो घरातच अडकतो. अशा पत्रात उताराचा रस्ताही मागा. प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे 45 सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला साधारण साडेपाच मीटर लांबीचा उतार. तेवढी मोकळी जागा दारासमोर आहे का, हे घर ताब्यात घेण्याआधी बघून या.

काय लिहू नये

मागणीशी संबंध नसलेले आजार लिहू नका. ही फाईल अनेक टेबलांवरून फिरते. मानसिक आजार, एचआयव्ही, दारूचा इतिहास यांचा जिन्याशी संबंध नसेल तर ते पत्रात कशाला? पत्र मराठीत लिहा, "बीकेए" आणि "डीएम टू" असली लघुरूपं नकोत. लिहून झालं की रुग्णाला वाचून दाखवा. पूर्व भागात पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात, तिथे समजावून सांगायला घरचं कुणीतरी सोबत असू द्या.

सही-शिक्का

लेटरहेड, तारीख, डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. रुग्णाची सही किंवा अंगठा आणि एक ओळखखूण. प्रत डॉक्टरांकडे राहते. सरकारी रुग्णालय असेल तर जावक क्रमांक घ्या. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटलात तर हेलपाटे कमी होतात.

दिल्यानंतर

दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तरच आलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तिथे पहिला प्रश्न या पोचेचाच असतो. पत्र जुनं झालं, मधे नवी जखम झाली किंवा दुसऱ्या पायावर शस्त्रक्रिया झाली, तर जुन्याची झेरॉक्स जोडत बसू नका, पुन्हा तपासून नवीन तारखेचं पत्र घ्या.

पाहणीला कुणी घरी आलं तर रुग्णाला मुद्दाम झोपवून ठेवू नका. पत्रात लिहिल्याप्रमाणे त्यांना जिना उतरून दाखवू द्या, आधाराला माणूस शेजारी ठेवून.