आत्या, काका, रात्री जंक्शनला गाडी कशी बदलायची ते एकदाच नीट लिहितेय

फोनवर तीनदा सांगून झालं आणि दरवेळी काहीतरी राहतंच, म्हणून आता सगळं इथे टाकते, आत्या हा मेसेज स्टार करून ठेव. रात्रीच्या बदलाबदलीत लोक पुलावर चुकतात असं सगळ्यांना वाटतं, पण खरा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो, तारखेत नाहीतर उतरण्यात.

तर आधी तारीख. तुमची पहिली गाडी १४ तारखेला रात्री ११:३५ ला जंक्शनला पोचते आणि दुसरी तिथून १२:५० ला सुटते, म्हणजे घड्याळात ००:५०. रात्र तीच असली तरी रेल्वेच्या हिशोबाने १५ तारीख लागलेली असते, त्यामुळे पहिल्या तिकिटावर १४ आणि दुसऱ्यावर १५ असलं पाहिजे. दोन्हीवर १४ दिसली तर समजायचं की आपण जंक्शनला पोचायच्या आदल्या रात्रीच ती गाडी निघून गेलीय आणि आपल्या हातातलं तिकीट १५ च्या गाडीत चालणार नाही. काका म्हणाले होते "ॲपवर तर १४ दाखवतंय", ते पण बरोबर आहे, कारण ती गाडी जिथून निघते तिथून १४ ला संध्याकाळी निघते आणि ॲप काही ठिकाणी निघायची तारीख धरतं. आपण बघायची ती जंक्शनवरून चढायची तारीख. तुमची दोन्ही तिकिटं मी तपासलीयेत, बरोबर आहेत, पण पुढच्या वेळी स्वतः काढाल तेव्हा लक्षात असू द्या.

निघायच्या आधी एक कागद करा, प्लीज, मोबाईल असला तरी करा. त्यावर दुसऱ्या गाडीचा पाच आकडी नंबर, डबा, बर्थ आणि पीएनआर एवढंच मोठ्या अक्षरात. नाव नाही, नंबर महत्त्वाचा, कारण त्याच नावाची गाडी उलट्या दिशेने पण धावते आणि बऱ्याचदा दोघींच्या नंबरात फक्त शेवटचा आकडा वेगळा असतो. रात्री झोपेत कान नाव पकडतो आणि माणूस उलट्या दिशेच्या गाडीत जाऊन बसतो.

आता उठणं. अलार्म ११:३५ चा लावायचा नाही, ११ चा लावायचा, आणि उठल्यावर पहिल्यांदा गाडी कुठे आहे ते बघायचं. गाडी लेट असेल तर परत आडवं व्हा हरकत नाही, पण अलार्म पुढे ढकलून, बंद करून नाही. आणि उलटंही होतं, मोठ्या जंक्शनच्या आधी टाइमटेबलमध्ये थोडा जास्तीचा वेळ धरलेला असतो, त्यामुळे गाडी कधी कधी वेळेच्या आधीच येऊन उभी राहते. १३९ ला फोन करून पीएनआर दिला की स्टेशन यायच्या आधी उठवायचा कॉल येण्याची सोय आहे, लावून ठेवा, पण रेंज नसली तर कॉल येणार नाही म्हणून आपला अलार्म हवाच.

उठल्याबरोबर सामानाची साखळी सोडा. हे मी मुद्दाम लिहितेय कारण काळोखात लोअर बर्थखाली वाकून कुलपाची चावी शोधणं हा प्रकार गाडी थांबल्यावर सुरू करायचा नसतो. चपला, चष्मा, चार्जर, उशीखालचा फोन, मग बॅगा दाराजवळ. समोरचे झोपलेत म्हणून लाइट लावायला लाजू नका, बर्थजवळचा छोटा दिवा पुरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी थांबली म्हणजे स्टेशन आलं असं नाही. जंक्शनला प्लॅटफॉर्म रिकामा नसेल तर गाडी बाहेर सिग्नलला, म्हणजे आउटरला उभी करतात, पाच मिनिटं पण आणि वीस मिनिटं पण. लांब दिवे दिसतात, दोनचार जण उतरून चालायला लागतात, आणि मग आपल्यालाही वाटतं की आलं वाटतं. उतरायचं नाही. दार उघडून खाली बघा, सिमेंटचा प्लॅटफॉर्म दाराला लागून दिसतोय का, आणि काळ्या अक्षरांचा पिवळा बोर्ड दिसतोय का. खाली खडी दिसली तर दार लावून घ्या आणि आत या. एसी डब्याच्या काचेतून रात्री बाहेरचं काही दिसत नाही, स्वतःचंच तोंड दिसतं, म्हणून दारापर्यंत जावंच लागतं. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतोय तेही तेव्हाच कळतं, दुसऱ्या बाजूने रुळावर उतरणारे असतात, त्यांच्या मागे जायचं नाही.

उतरलात की लगेच पूल चढायला धावू नका. आधी बॅगा मोजा, मग इंडिकेटरवर आपल्या गाडीचा नंबर शोधा. ॲपवर दिसलेला प्लॅटफॉर्म हा अंदाज समजायचा, नेमका प्लॅटफॉर्म बोर्डवर आणि अनाउन्समेंटमध्ये कळतो आणि तो गाडी यायच्या थोडं आधीसुद्धा बदलू शकतो. म्हणून वेळ असेल तर लांबच्या टोकाला जाऊन बसू नका, पुलाच्या जिन्याजवळ उजेडात बसा म्हणजे बदललाच तर पटकन जाता येतं. लिफ्ट असेल तर वापरा, काकांचे गुडघे आणि ती मोठी निळी बॅग ही जोडी जिन्यावर नको.

गाडी यायच्या पंधरा मिनिटं आधी कोच इंडिकेटर बघा आणि आपल्या डब्याचा नंबर दिसतोय त्याच्याखाली उभे राहा. इंडिकेटर बंद असेल तर स्टॉलवाल्याला किंवा हमालाला विचारा, त्यांना सगळं पाठ असतं. जंक्शनला काही गाड्यांचं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि डबे उलट्या क्रमाने होतात, त्यामुळे मागच्या वेळी आपला डबा पुढे होता म्हणून पुढे जाऊन थांबलो असं करू नका. चढताना डब्यावरचा नंबर कागदाशी जुळवा. गाडी सुटतेय असं वाटलं तर जवळच्या कुठल्याही रिझर्वेशनच्या डब्यात चढा आणि आतून चालत जा, फक्त रात्री मधली शटर कधी कधी बंद असतात, मग टीटीईला सांगून पुढच्या थांब्याला डबा बदला. बर्थवर पोचायला उशीर होणार असेल तरी टीटीईला लवकर गाठा, नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं धरून बर्थ दुसऱ्याला मिळू शकतो.

आता पहिलीच गाडी लेट झाली तर. सव्वा तासाचा गॅप आहे, म्हणजे चाळीस मिनिटं लेट झाली तरी तुमच्याकडे पस्तीस मिनिटं उरतात, तेवढ्यात आरामात जमतं, घाबरून मला फोन करायची गरज नाही, केलात तरी चालेल. एक तासाच्या वर लेट दिसायला लागली की दुसरी गाडी पण बघा, ती पण लेट असू शकते. आणि चुकलीच तर, मी दोन्ही पीएनआर बुकिंगच्या वेळी एकमेकांना जोडलेत, त्यामुळे पहिली गाडी लेट झाल्याने दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे मिळू शकतात. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, टाकावा लागतो, तो मी घरून टाकीन, तुम्ही फक्त गाडी किती वाजता थांबली ते ग्रुपवर लिहा, "पोचलो" नको, वेळ लिहा. मग वेटिंग हॉलमध्ये बसा, मी पुढची गाडी बघून सांगते.